खो-खोच्या खांबावर निसटलेला दात: सव्वीस कोरड्या मिनिटांचा हिशेब

तालुक्याच्या गावी दंतवैद्य म्हणून काम करताना पडलेले, तुटलेले, हललेले दात पुष्कळ पाहायला मिळतात. परंतु कायमचा दात मुळासकट, अखंड बाहेर निसटून येण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे असतात. अशा प्रसंगात दंतवैद्याच्या हाती येण्यापूर्वीच दाताचे भवितव्य बहुतांशी ठरून गेलेले असते, आणि म्हणून पुढील प्रकरण मी दवाखान्यातील उपचारांपेक्षा त्याआधीच्या तासाभरावर भर देऊन लिहीत आहे. मुलाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. वेळा मात्र क्रीडाशिक्षकांनी, मुलाच्या आईने आणि मी त्याच दिवशी एकत्र बसून, फोनमधील नोंदी पाहून लिहून काढल्या होत्या, त्यामुळे त्या बऱ्यापैकी विश्वासार्ह आहेत.

शनिवारी सकाळी शालेय खो-खोचा सामना चालू होता. सातवीतला, बारा वर्षांचा मुलगा आक्रमणात होता. खांब धरून सूर मारण्याच्या प्रयत्नात त्याचा हात निसटला आणि तोंड थेट लाकडी खांबावर आदळले. ही वेळ साधारण ८ वाजून ५० मिनिटांची. वरच्या ओठाला आतून जखम झाली, तोंडातून रक्त येऊ लागले आणि वरचा उजवा मधला पटाशीचा दात जागेवर नाही हे लगेच लक्षात आले. शिक्षकांनी मुलाला सावलीत बसवले, तो शुद्धीवर आहे, नीट बोलतो आहे, त्याला उलटी किंवा चक्कर येत नाही हे पाहिले आणि ओठावर ओला रुमाल दाबून धरायला दिला. हे सर्व योग्य होते आणि योग्य क्रमाने झाले. कारण मुलगा बेशुद्ध पडला असता, ओकला असता किंवा त्याला जबडा उघडता-मिटता येत नसता, तर दाताचा विचार बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे लागले असते.

दात ८.५५ च्या सुमारास एका मुलाला खांबाजवळच्या मातीत सापडला. पुढची दहा-पंधरा मिनिटे हेच या प्रकरणाचे मर्म आहे. ज्या मुलाला दात सापडला, त्याने तो मैदानाच्या कडेच्या नळाखाली धुतला आणि माती जाईपर्यंत रुमालाने चांगला चोळून पुसला. नंतर वहीचे पान फाडून त्यात गुंडाळला आणि पुडी खिशात ठेवली. त्या मुलाला दोष देता येत नाही, उलट त्याने दात जपून ठेवला हेच मोठे. तथापि घाण झालेली वस्तू धुवावी, पुसावी आणि कोरडी करून कागदात ठेवावी ही आपली जी घरगुती शिस्त आहे, तीच नेमकी इथे घातक ठरते.

ती का घातक ठरते, हे समजण्यासाठी दात हाडात कसा बसलेला असतो ते पाहावे लागेल. दाताचे मूळ जबड्याच्या हाडातील खोबणीत खिळ्यासारखे ठोकलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते. त्या तंतूंमध्ये जिवंत पेशी असतात. दात अखंड उपटला जातो तेव्हा हे तंतू मधोमध फाटतात, त्यांचा अर्धा भाग खोबणीच्या भिंतीला आणि अर्धा भाग मुळाला चिकटून राहतो. मुळावरच्या त्या ओलसर, जवळजवळ न दिसणाऱ्या आवरणातील पेशी जिवंत असताना दात परत खोबणीत गेला, तर दोन्ही बाजूंचे तंतू पुन्हा सांधले जातात आणि दात पूर्वीसारखा धरतो. पेशी मेलेल्या असल्या तर मात्र दात बसवता येतो, तो काही वर्षे टिकतोही, पण तो तंतूंनी धरलेला नसतो. म्हणजे मैदानावर जी ‘घाण’ म्हणून रुमालाने पुसली जाते, तिच्यात बराचसा भाग वाचवायच्या ऊतीचाच असतो.

मला शिक्षकांचा फोन आला तो ९.१० ला. त्यांनी शाळेजवळचा एक दवाखाना बंद असल्याचे पाहून मग माझा नंबर शोधला होता. मी तीन गोष्टी विचारल्या: मुलाचे वय काय, दात कुठे आहे, आणि तो पूर्ण आहे की तुटका. पहिला प्रश्न दुधाचा दात वगळण्यासाठी होता. वरचे मधले पटाशीचे कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत शंकेला जागा नव्हती. पण हाच फोन पाच वर्षांच्या मुलाबद्दल आला असता तर मी दात परत बसवू नका असे ठामपणे सांगितले असते. दुधाचा दात खोबणीत ढकलला, तर त्याच्या वर हाडात तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. तिसरा प्रश्न अशासाठी, की दाताचा केवळ दिसणारा भाग मोडला असेल आणि मूळ हिरडीत शिल्लक असेल, तर ते वेगळे प्रकरण असते. दात पुडीत आहे, ‘धुऊन-पुसून स्वच्छ ठेवलाय सर’, आणि त्याला लांब मूळ आहे, असे उत्तर आले.

यापुढे मी त्यांना जे सांगितले ते क्रमाने असे होते. दात मुळाला हात न लावता, तोंडात एरवी दिसतो त्या पांढऱ्या भागालाच धरा. आता तो आणखी पुसू नका, खरवडू नका. तुमची तयारी असेल आणि मुलगा ऐकत असेल, तर दात आत्ताच जागेवर बसवा: फुगीर, गुळगुळीत बाजू ओठाकडे आणि आतून खोलगट बाजू टाळूकडे ठेवून, शेजारच्या दाताशी पातळी जुळवत, हलक्या पण सलग दाबाने तो खोबणीत सरकवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दाताखाली चावून धरायला लावा. शिक्षकांची तयारी होती, पण मुलगा रडत होता आणि कोणालाही तोंडाजवळ हात नेऊ देत नव्हता. मी फोनवरून फार आग्रह धरला नाही. नंतर विचार करता वाटते, की आई तिथे पोहोचली असती तर मी तिच्याकरवी आणखी एक प्रयत्न करून पाहायला हवा होता. कारण जागेवर बसलेला दात हा कोणत्याही भांड्यात ठेवलेल्या दातापेक्षा नेहमीच सुरक्षित असतो. थोडा तिरका बसला तरी बिघडत नाही, दवाखान्यात तो सरळ करता येतो. उलटा, म्हणजे मागची बाजू पुढे करून बसवला गेला, तरीसुद्धा तो काही वेळ ओल्या, उबदार आणि योग्य क्षाराच्या जागी राहतो.

दात बसवणे जमत नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग म्हणजे दूध. शिक्षकांनी एका मुलाला समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवले. टपरीवर दूध होते, पण ते शेगडीवर उकळत होते. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, तरी आपल्याकडे दूध म्हटले की बहुधा गरम किंवा साखर घातलेलेच समोर येते, म्हणून तिचा उल्लेख करतो. उकळत्या किंवा फार गरम दुधात पेशी शिजून जातील. शिक्षकांनी पुन्हा फोन केला, तेव्हा मी किराणा दुकानाच्या फ्रिजमधली दुधाची पिशवी आणायला सांगितली. स्टीलच्या फुलपात्रात दात बुडेल इतके थंड दूध ओतून त्यात दात ठेवला गेला, तेव्हा घड्याळात ९.१६ झाले होते. ८.५० ते ९.१६, म्हणजे सव्वीस मिनिटे दात कोरडा होता. मधली नळाखालची अर्धी मिनिट ही ओलाव्यात धरण्यासारखी नाही.

दूधच का, पाणी का नाही, हा प्रश्न मला पालकांकडून हमखास येतो, कारण पाणी तर सर्वत्र मिळते आणि ते शुद्धही असते. पण प्रश्न शुद्धतेचा नाही, क्षारांच्या प्रमाणाचा आहे. पाण्यात भिजत घातलेला मनुका जसा फुगत जातो, तसे साध्या पाण्यात या पेशी पाणी शोषून घेतात. फरक एवढाच की मनुका फुगून थांबतो आणि पेशींचे आवरण फुटते. दुधातील विरघळलेल्या घटकांचे प्रमाण आपल्या शरीरातील द्रवाच्या बऱ्यापैकी जवळ असते, त्याची आम्लताही जवळजवळ उदासीन असते, आणि पाश्चराइझ केलेल्या दुधात जंतू तुलनेने कमी असतात. त्यामुळे थंड दुधात या पेशी काही तास तग धरू शकतात. मलईदार की साय काढलेले, गाईचे की म्हशीचे, यावर वेळ घालवू नये. दही आणि ताक मात्र आंबट असल्यामुळे वापरू नयेत, आणि साखर किंवा हळद घातलेले दूधही टाळावे.

दूध मिळतच नसेल तर सलाईनची बाटली चालते. तीही नसेल तर मुलाला एखाद्या वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवता येतो. मोठ्या माणसाने दात गालात धरून दवाखाना गाठण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई, पण घाबरलेल्या मुलाने तो गिळण्याची किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, म्हणून मुलांच्या बाबतीत मी तो देत नाही. स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म, लाळेचा ओलावा टिकवून दाताभोवती घट्ट गुंडाळली तरी कोरडेपणा रोखते. प्रथमोपचाराच्या शिफारशी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली ही फिल्म आणि ओआरएसचे द्रावण या दोहोंना पर्याय म्हणून मान्यता दिली, पण त्यामागचा पुरावा तितकासा भक्कम नाही हेही स्पष्ट केले. ओआरएसची पुडी आपल्याकडे शाळेच्या प्रथमोपचार पेटीत असू शकते. ती पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच विरघळवावी. मीठ-पाणी अंदाजाने करण्यात हाच धोका आहे: सलाईन म्हणजे एका लिटरला ९ ग्रॅम मीठ, आणि घाईत हाताने घातलेल्या मिठाचे प्रमाण कुठेही जाऊ शकते. साधे पाणी हे सर्वांत शेवटचे. तरीसुद्धा दुसरे काहीच नसेल तर कागदाच्या पुडीत सुकवण्यापेक्षा पाण्यात ठेवलेले बरे. पेशींच्या संवर्धनासाठी प्रयोगशाळेत वापरतात तो हँक्सचा द्राव दाताच्या साठवणीसाठी उत्तम मानला जातो आणि काही देशांत तो खास डबीत विकला जातो, पण माझ्या तालुक्यात तो कुणाच्या फडताळात सापडणार नाही, आणि तो शोधत हिंडण्यात दूध मागे पडता कामा नये. शहाळ्याच्या पाण्यावरही बरेच प्रयोग झाले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते पाणी आम्लधर्मी असते. म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

आता घड्याळाविषयी. या प्रकरणात दोन घड्याळे चालू असतात आणि ती वेगवेगळी वाचावी लागतात. एक दात निसटल्यापासून तो परत बसेपर्यंतच्या एकूण वेळेचे, आणि दुसरे त्यातल्या फक्त कोरड्या वेळेचे. आंतरराष्ट्रीय दंताघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दंतवैद्याने दाताची वर्गवारी याच पायावर करावी असे म्हटले आहे. दात लगेच किंवा साधारण पंधरा मिनिटांत बसवला गेला, तर तंतूंच्या पेशी बहुधा जिवंत असतात. दात योग्य द्रवात ठेवला गेला आणि एकूण कोरडा वेळ साठ मिनिटांच्या आत राहिला, तर पेशी जिवंत असू शकतात पण दुखावलेल्या असतात. कोरडा वेळ साठ मिनिटांच्या पुढे गेला, तर मग नंतर दात कशातही ठेवला असला तरी पेशी मेल्या असे धरून चालायचे. या शेवटच्या गटात दुधाचा काही उपयोग नसतो, कारण दूध पेशींना जिवंत ठेवू शकते, मेलेल्या पेशी उठवू शकत नाही. आमच्या मुलाचा दात मधल्या गटात होता. ८.५५ ला तो मातीतून उचलताच जागेवर गेला असता, तर तो पहिल्या गटात राहिला असता.

मुलगा आणि आई दवाखान्यात पोहोचले ९.४५ ला. फुलपात्र आईच्या मांडीवर होते आणि दूध किंचित गुलाबी झाले होते. दात दुधातच ठेवून मी आधी मुलाला तपासले, आणि एक्स-रे काढून खोबणीची भिंत मोडलेली नाही, शेजारच्या दातांची मुळे शाबूत आहेत, हे पाहिले. नंतर दात त्याच्या पांढऱ्या भागाला चिमट्याने धरून प्रकाशात पाहिला. मुळाचे टोक पूर्ण बंद झालेले होते, बारा वर्षांच्या मुलात तसेच अपेक्षित असते. मुळाच्या टोकाकडच्या भागावर आणि मधल्या रेषेकडच्या बाजूवर फिकट गुलाबी, ओलसर आवरण अजून दिसत होते. पण शेजारच्या दाताकडच्या बाजूला, मुळाच्या मध्यावर सुमारे पाच-सहा मिलिमीटर लांबीचा एक पट्टा स्वच्छ, पिवळसर आणि चमकदार होता. रुमाल नेमका तिथे घासला गेला होता.

सिरिंजने सलाईनची हलकी धार सोडून मुळावर राहिलेले मातीचे कण काढले. कुठेही खरवडले नाही. भूल दिल्यावर खोबणीतील रक्ताची गाठ सलाईनने धुऊन काढली आणि दात बोटांनी हळूहळू आत सरकवला. शेवटच्या मिलिमीटरला तो अडतो आणि मग बसल्याची एक बारीक जाणीव बोटाला होते. ती आली तेव्हा ९.५८ झाले होते. एकूण वेळ अडुसष्ट मिनिटे, त्यातली कोरडी सव्वीस. दोन्ही बाजूंच्या दातांना ०.४ मिलिमीटरची लवचीक तार कंपोझिटने चिकटवून दाताला आधार दिला. हा आधार ताठ नसावा, दाताला किंचित हालचाल करता यावी, हा त्यामागचा मुद्दा आहे. पूर्वी जाड तारेने दात महिना-दोन महिने जखडून ठेवत, आणि त्यामुळे तंतूंच्या जागी हाड वाढायला मदतच होत असे. ओठाच्या जखमेला टाके घातले, अमॉक्सिसिलिन सुरू केले, आणि दात मातीत पडलेला असल्यामुळे धनुर्वाताच्या लसीची नोंद पाहायला आईला सांगितले. दोन आठवडे मऊ जेवण, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीनने चूळ आणि मैदान बंद.

दहाव्या दिवशी, तार अजून जागेवर असताना, रूट कॅनल उपचार सुरू केला. दातात काहीही दुखत नव्हते, त्यामुळे आईला हा खर्च अनावश्यक वाटला आणि तिने तसे स्पष्ट विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. दात उपटला जाताना मुळाच्या टोकातून आत जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात. टोक बंद झालेल्या दातात त्या पुन्हा वाढून आत शिरण्याची शक्यता जवळजवळ नसते, त्यामुळे आतला गर मरतो, त्यात जंतू वाढतात आणि त्यांची विषे मुळाच्या भिंतीतून बाहेर झिरपून, नुकते सांधू लागलेले तंतू आणि खुद्द मूळ खाऊ लागतात. हे खाणे काही आठवड्यांतच एक्स-रेवर दिसू शकते आणि ते वेगाने वाढते. म्हणून दुखण्याची वाट न पाहता दोन आठवड्यांच्या आत गर काढावा लागतो. हाच मुलगा आठ वर्षांचा असता आणि मुळाचे टोक रुंद उघडे असते, तर मी थांबलो असतो, कारण तशा दातात रक्तवाहिन्या पुन्हा वाढून गर जिवंत राहण्याची संधी असते. मात्र तिथेही जंतुसंसर्गाची पहिली खूण दिसताच उपचार सुरू करावे लागतात. या दातात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध महिनाभर ठेवून नंतर कायमचे भरण केले. तार चौदाव्या दिवशी काढली.

यानंतर मुलाला मी पहिल्या वर्षात चार आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्ष पूर्ण झाल्यावर पाहिले, आणि आता दरवर्षी पाहतो. सहा महिन्यांपर्यंत सर्व ठीक होते. दात किंचित हलत होता, आणि हे लक्षण चांगले असते, कारण तंतूंनी धरलेला दात थोडा हलतोच. आरशाच्या दांडीने ठोकल्यावर शेजारच्या दातासारखाच मंद आवाज येत होता. वर्षाच्या तपासणीत आवाज बदलला. पितळी भांड्यावर टिचकी मारावी तसा तो उंच आणि कोरडा येऊ लागला, आणि दाताची हालचाल शेजारच्या दातापेक्षा कमी झाली. एक्स-रेवर मुळाभोवतीची काळी रेषा, म्हणजे तंतूंची जागा, सगळीकडे शाबूत होती. फक्त शेजारच्या दाताकडच्या बाजूला, मुळाच्या मध्यावर, ती एका लहान पट्ट्यात नाहीशी होऊन हाड मुळाला भिडलेले दिसत होते. जागा तीच होती, जिथे पहिल्या दिवशी मला रुमालाने घासलेला पट्टा दिसला होता. एका दातावरून रुमाल आणि हाड यांचा संबंध सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही, कोरडेपणाचाही त्यात वाटा असणार. पण दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर माझ्या मनात फारशी शंका उरत नाही.

या अवस्थेला अँकिलोसिस म्हणतात. जिथे तंतूंच्या पेशी उरल्या नाहीत, तिथे हाडाच्या पेशी मुळापर्यंत पोहोचतात. हाड आपल्या शरीरात सतत खणले आणि भरले जात असते. त्या पेशींना मूळ हे हाडाचाच भाग वाटू लागते आणि त्या ते थोडे थोडे खणून त्या जागी हाड भरत जातात. यात दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून ठोकण्याचा आवाज आणि एक्स-रे यांखेरीज घरी कोणाला ते कळत नाही. मोठ्या माणसात ही क्रिया इतकी मंद असू शकते, की तो दात अनेक वर्षे काम देतो. म्हणूनच तासाभराहून अधिक काळ कोरडा राहिलेला दातही बहुधा परत बसवतात, कारण तो निदान हाडाची रुंदी आणि चेहऱ्याची ठेवण राखतो, आणि पुढचा निर्णय सवडीने घेता येतो. वाढत्या वयात मात्र आणखी एक अडचण येते. जबडा वाढत असताना बाकीचे दात त्याच्याबरोबर खाली सरकतात, पण हाडाला जखडलेला दात जागच्या जागी राहतो आणि हळूहळू आखूड दिसू लागतो.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत हा दात शेजारच्या दातापेक्षा अर्धा मिलिमीटर वर होता. मुलगा आता चौदा वर्षांचा आहे आणि उंची वाढते आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी छायाचित्र आणि मोजमाप ठेवायचे ठरवले आहे. फरक एक मिलिमीटरच्या पुढे जाऊ लागला, तर दाताचा दिसणारा भाग काढून मूळ हाडातच राहू देण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, जेणेकरून ते मूळ सावकाश हाडात बदलेल आणि पुढे कृत्रिम दातासाठी पुरेसे हाड शिल्लक राहील. तसे झाले नाही, तर हा दात वाढ पूर्ण होईपर्यंत, कदाचित त्यानंतरही बराच काळ टिकेल. मागच्या वेळी मोजमाप झाल्यावर त्याने आरशात दात पाहिला आणि मला विचारले, की डॉक्टर, त्या दिवशी सरांनी लगेच बसवला असता तर? मी त्याला पहिल्या दिवशीचा कागद दाखवला. त्यावर ८.५५ आणि ९.१६ या दोन वेळांभोवती मी तेव्हाच पेन्सिलने गोल केला होता.